विषय: रात्रीच्या तिन्ही मीटिंगना पुणे टीमचा नकार, आणि त्याऐवजी काय करता येईल

अनिरुद्ध सर, नमस्कार.

सोमवारी आलेली तिन्ही आमंत्रणं मी आज टीमच्या वतीने नाकारली आहेत. कॅलेंडरवर नुसतं ‘डिक्लाइन्ड’ दिसलं की तुटक वाटतं, म्हणून त्यामागचं कारण तुम्हाला आधी मराठीतून सविस्तर लिहिते आहे. ग्रुपवर इंग्रजीत दोन ओळी टाकल्या आहेत, बाकीचं सगळं इथे.

तुमच्याकडे अमेरिकेत मंगळवारी दुपारी १२ ला ठेवलेलं प्लॅनिंग आमच्याकडे बुधवारी रात्री १.३० ला येतं. गुरुवारी दुपारी ३ चा डिझाइन रिव्ह्यू म्हणजे आमची शुक्रवारची पहाट, ४.३०. शुक्रवारी ४ चा डेमो तर इथे शनिवारी पहाटे ५.३० ला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. आमंत्रण पाठवणाऱ्याला हे दिसलं नसणार, कारण त्याच्या पडद्यावर त्या कामाच्याच वेळा आहेत. पण एका आठवड्यात तीन रात्री मोडल्या तर उरलेल्या दिवसांचं कामही नीट होत नाही, हे आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अनुभवलं आहे.

पार्शल रिफंडचंच बघा. रात्री एकच्या कॉलवर मागणी फक्त कार्डच्या व्यवहारांपुरती होती. मी ऐकलं ‘सगळे व्यवहार’ आणि हो म्हणाले. सकाळी नोट्स वाचणारं कोणी नव्हतं, कारण जागलेले सगळे उशिरा आले. दोघांचे अडीच दिवस ते बांधण्यात आणि पुन्हा काढण्यात गेले. ती चूक माझी होती आणि मी ती मान्य केली आहे. पण दुपारी चारला तोच प्रश्न विचारला असता तर मी उलट विचारून खात्री करून घेतली असती, याबद्दल मला शंका नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. आम्ही अकरा जण आहोत. एकीचं बाळ सात महिन्यांचं आहे. एकाच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा सकाळी सहाला असतं. हे दोघे कधीच ‘जमणार नाही’ म्हणत नाहीत, कॅमेरा बंद ठेवून गप्प बसून राहतात. त्यांनी स्वतःहून सांगायची वाट बघणं मला पटत नाही. शिवाय आपल्याकडच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळात बायकांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते. आमच्यात पाच जणी आहेत. आमंत्रण आलं आणि कोणी काही बोललं नाही, याला मी संमती मानत नाही.

आता पर्याय. दोन्हीकडे ऑफिसची वेळ असेल असा एकही तास सध्या नाही, कारण अंतर साडेतेरा तासांचं आहे. त्यामुळे कोणाला तरी थोडं आधी किंवा थोडं उशिरा बसावंच लागेल. ते दरवेळी एकाच बाजूने करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्लॅनिंग समोरासमोर बोलूनच व्हायला हवं. ते मंगळवारी तुमच्या सकाळी ७.३० ला, म्हणजे आमच्या रात्री ९ ला ठेवू, आणि अर्ध्या तासात संपवू. मात्र त्या वेळी तुमच्याकडे मुलांना शाळेत सोडायची घाई असते हे मला माहीत आहे. म्हणून एका आड एक आठवडा वेळ उलटी करू: मंगळवारी तुमच्या संध्याकाळी ६ ला, आमच्या बुधवारी सकाळी ७.३० ला. एका आठवड्यात आमचं जेवण लांबेल, दुसऱ्यात तुमचं.

डिझाइन रिव्ह्यूसाठी मीटिंगच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत आम्ही डिझाइन नोट टाकू. त्या वेळी तुमच्याकडे पहाटेचे साडेचार असतात, म्हणजे वाचून शेरे लिहायला तुमचा अख्खा गुरुवार मिळतो. शुक्रवारी साडेनऊला आम्ही बसू तेव्हा शेरे तयार असतील आणि संध्याकाळपर्यंत उत्तरं जातील. घड्याळातलं हे अंतर अशा कामात उलट उपयोगी पडतं. लिहून मिटणार नाहीत असे एक-दोन मुद्दे उरतीलच, ते मंगळवारच्या अजेंड्यात पहिले घेऊ.

डेमो आम्ही शुक्रवारी रात्री आठच्या आत रेकॉर्ड करून चढवू, साधारण पंधरा मिनिटांचा. तुम्ही तो तुमच्या चारच्याच वेळेला सगळ्यांनी मिळून बघा, ती बैठक मोडायची गरज नाही. प्रश्न लिहून ठेवा. सोमवारी दुपारी बारापर्यंत आम्ही उत्तरं देऊ, म्हणजे तुमची सोमवारची सकाळ उजाडेल तेव्हा ती समोर असतील. क्लायंट स्वतः येणार असेल असा डेमो मात्र वेगळा धरू. आठवडाभर आधी कळवलंत तर आमच्यातला एक जण जागेल आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कामाला येईल.

हे सगळं ठरलेल्या मीटिंगपुरतं आहे. प्रॉडक्शन बंद पडलं तर ऑन-कॉलवर जो असेल तो रात्री तीनलाही फोन उचलेल, यात काही बदल नाही. ११ डिसेंबरच्या रिलीजला तर आम्ही रात्रभर आहोतच, त्याची तयारी सुरू झाली आहे.

एक तांत्रिक विनंती. २ नोव्हेंबरला तुमची घड्याळं मागे गेली आणि आमची रात्री नऊची जुनी मीटिंग आपोआप दहाला सरकली. आपल्याकडे घड्याळ वर्षभर तेच असल्याने कोणाच्या लक्षातही आलं नाही, दोघे एक तास आधी येऊन बसले. नवी मालिका तुम्ही `America/Los_Angeles` वर लावलीत तरी चालेल, पण ८ मार्च २०२६ ला घड्याळं पुढे जातील तेव्हा त्या दोन्ही वेळा पुन्हा ठरवाव्या लागतील. त्या दिवसापासून तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे सकाळचे साडेसहा, ते सातच्या आत येतं. तेव्हा तुमच्याकडे ७ ला घ्यावं लागेल. सकाळचं मात्र तुम्ही ८.३० ला नेऊ शकाल, आमचे नऊ तसेच राहतील. मी मार्चच्या पहिल्या सोमवारी आठवण करीन.

आज रात्रीच्या, म्हणजे शुक्रवारी पहाटेच्या रिव्ह्यूला आमच्याकडून कोणी नसेल. त्याची नोट मी आत्ताच टाकली आहे. त्यातला रिट्रायचा भाग तेवढा तुम्ही स्वतः बघाल का, तिथे तुमचा निर्णय हवा आहे. येत्या मंगळवारी, ११ ला, तुमच्याकडे व्हेटरन्स डेची सुट्टी असू शकते, म्हणून नवी वेळ १८ नोव्हेंबरपासून सुरू करावी असं सुचवते. तुमच्या टीमशी बोलून बुधवारपर्यंत कळवाल का? यातलं काही जमणार नसेल तर फोन करा, माझ्या रात्री नऊच्या आत कधीही.

तुम्ही पुण्यात असताना रात्री आठनंतर कोणाला थांबू देत नव्हतात, हे आम्हा जुन्या लोकांना आठवतं. म्हणूनच हे मोकळेपणाने लिहिलं.

मृणाल
पुणे, गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५