विषय: संधिसमिती विभागातील इंटर्नशिपसाठी अर्ज

मा. समन्वयक,
सप्रेम नमस्कार.

यंदा सांगलीतून एलएलबी झाले. शिकताना विधी सेवा केंद्रातर्फे ऊसतोड मजुरांच्या तळांवर जात असे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरतात. पण आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात, हिशेबही मुकादम त्याच्याशीच करतो. बाईची सही कुठेच नाही. अशा जबान्या मी मराठीत टिपून इंग्रजीत उतरवल्या आहेत.

भारताने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा सीडॉ करार १९९३ मध्ये मान्य केला, त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल मात्र नाही. त्यामुळे या बायकांना कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या सीडॉ समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येत नाही. उरतो सरकारी अहवालाच्या जोडीने संस्थांनी समितीला द्यायचा पर्यायी अहवाल. (खटल्याची धार त्याला नाही, हे मान्य.) तो पुराव्यानिशी लिहायला आपल्याकडे शिकायचे आहे.

नावे वगळलेली एक जबानी सोबत जोडली आहे. जूनपासून रुजू होऊ शकेन.

आपली विश्वासू,
सायली
मिरज, जि. सांगली