हर्णैच्या किल्ला-प्रदर्शनाचे फलक : इंग्रजी नावे अशी लिहा

स्पेलिंग नको, उच्चार लिहा. १७५५ साली सुवर्णदुर्ग घेणारा ‘जेम्स’. पाय मोडून ‘जेम्स्’ नको, शेवटचा अ मराठीत आपोआप गळतो. १७५६ च्या विजयदुर्ग मोहिमेतला ‘वॉटसन’ असाच, पूर्ण ट घालून. वाचणारा तो अर्धाच म्हणतो. जीभ अडखळेल तिथेच जोडाक्षर करा. शेवटी पुसट अ खरोखर ऐकू येत असेल, तर काना द्या : ‘ॲना’, ‘अमँडा’.

ॲ-ऑचा चंद्र रंगवताना हमखास राहतो आणि ‘हॉल’चे ‘हाल’ वाचले जाते. फलक टांगण्याआधी चंद्र मोजाच.

दुहेरी व्यंजन एकदाच : ‘रसेल’, ‘बेनेट’. ‘रस्सेल’ कोणी म्हणत नाही. शेवटची इ दीर्घ : ‘हॅरी’. ‘क्लाइव्ह’ला व्ह हवाच.