वॉशिंग मशीनची डिलिव्हरी : शनिवार, १४ जून, सकाळी १० ते दुपारी १

नमस्कार,

तुमचं वॉशिंग मशीन (ऑर्डर क्र. WM-40718) शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत घरपोच येईल. पोहोचायच्या अर्धा तास आधी गाडीवरून फोन येईल.

ओटीपी: 482916
खोकं घरात आल्यावर, कुठे दबलेलं-फाटलेलं नाही ना हे बघूनच सांगा. फोनवर कुणी मागितला तर देऊ नका. आमची माणसं तो दारातच विचारतात.

संपर्क: 55550 10142 (सकाळी ९ ते रात्री ८)

तुम्ही घरी नसाल तर शेजारी किंवा नातेवाईक मशीन घेऊ शकतात, ओटीपी त्यांना देऊन ठेवा. वॉचमनकडे मात्र ठेवत नाही. ६५ किलोचं धूड नंतर वर चढवायला कुणी मिळत नाही! कुणाचीच सोय नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत वरच्या नंबरवर कळवा, रविवारी याच वेळेत आणू, जादा आकार नाही. न कळवता दार बंद मिळालं तर गाडी पंधरा मिनिटं थांबून गोदामात परत जाईल आणि नवी वेळ मंगळवारनंतरचीच मिळेल.

जिना अरुंद असेल किंवा लिफ्ट बंद असेल तर आधी सांगा, एक माणूस जास्त पाठवू.

डिलिव्हरी विभाग