वॉरंटीत दोनदा कॉम्प्रेसर निकामी: फ्रिज बदलून मिळण्याबाबत तक्रारपत्र

दिनांक: १२ मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
अधिकृत सेवा केंद्र,
भांडुप पश्चिम, मुंबई ४०० ०७८

विषय: २६० लिटर, दोन दारी, फ्रॉस्ट-फ्री इन्व्हर्टर फ्रिज (अनुक्रमांक २४०४१७३८६५२). वॉरंटीच्या मुदतीत कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा निकामी झाल्याने फ्रिज बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

वरील फ्रिज मी १० मे २०२४ रोजी आपल्या कंपनीच्या मुलुंड येथील अधिकृत विक्रेत्याकडून २८,९९० रुपयांना घेतला. संपूर्ण फ्रिजची वॉरंटी १ वर्षाची म्हणजे ९ मे २०२५ पर्यंत, आणि कॉम्प्रेसरची १० वर्षांची आहे. आपल्या तंत्रज्ञाने ८ मार्चला पुन्हा कॉम्प्रेसर बदलण्याचा प्रस्ताव दिला. तो मला मान्य नाही. कारणे खाली देत आहे.

पहिला बिघाड १८ जानेवारी २०२५ रोजी झाला. आतले दिवे लागत होते, पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता. तंत्रज्ञाने कॉम्प्रेसरच्या तिन्ही टर्मिनलमधला रोध मोजला. तीन जोड्यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवे होते, त्यांतल्या दोन जोड्यांमध्ये मीटर काहीच दाखवत नव्हता. वाइंडिंग जळाल्याचे त्यांनी जॉबशीटवर लिहिले. २४ जानेवारीला कॉम्प्रेसर बदलला आणि गॅस भरला.

दुसरा बिघाड ६ मार्चला, म्हणजे दुरुस्तीनंतर ४१ व्या दिवशी. या वेळी कॉम्प्रेसर ६-७ सेकंद गुरगुरतो, थांबतो, काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा थांबतो. त्याच्या अंगाला हात लावता येत नाही इतका तो तापतो. बाजूचे पत्रे मात्र गार राहतात, म्हणजे गॅस फिरतच नाही. ८ मार्चला तंत्रज्ञ आले तेव्हा फ्रीझरमधला थर्मामीटर १९ अंश दाखवत होता. त्यांनी तिन्ही टर्मिनल मोजले, आकडे सारखे आले. सोबत आणलेला चालू स्थितीतला पीसीबी लावून पाहिला, तरी तोच प्रकार. म्हणून ‘कॉम्प्रेसर जाम’ असा शेरा जॉबशीटवर आहे. वाइंडिंग आणि पीसीबी दोन्ही ठीक असताना ४१ दिवसांचा कॉम्प्रेसर आतून अडकतो, तेव्हा संशय आधी पाइपांमध्ये राहिलेल्या घाणीवर आणि ओलाव्यावर जातो.

त्याला आधार आहे. वाइंडिंग जळते तेव्हा कॉम्प्रेसरमधले तेल काळे आणि आम्लयुक्त होते. ते कंडेन्सर, ड्रायर आणि कॅपिलरीपर्यंत पोहोचते. जुना कॉम्प्रेसर सोडवला तेव्हा पाइपातून काळपट, जळक्या वासाचे तेल ठिबकले. लादीवरच्या त्या डागाचा फोटो माझ्याकडे आहे. अशा वेळी नायट्रोजनने सगळी लाइन धुऊन काढणे आणि फिल्टर-ड्रायर नवा घालणे आवश्यक असते. २४ जानेवारीला नायट्रोजनचा सिलिंडर आणलाच नव्हता. फ्रिजच्या मागे आजही मूळचाच ड्रायर आहे. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर कारखान्यातला काळा रंग जसाच्या तसा आहे, तर बाजूच्याच कॉम्प्रेसरच्या सांध्यांवर नव्या ब्रेझिंगची चकाकी आणि जळल्याचा करपट रंग दिसतो. दोन्ही एकाच फोटोत आले आहेत. तो कृपया जरूर पाहावा.

गॅस भरतानाही हीच घाई झाली. प्लेटवर आर-६००ए वायू ४८ ग्रॅम असे छापलेले आहे. एवढ्या थोड्या वायूत ५ ग्रॅमचा फरकही दहा टक्क्यांहून जास्त होतो, म्हणून तो काट्यावर वजन करूनच भरावा लागतो. इथे तो फक्त गेजवर अंदाजाने भरला. जॉबशीटवर वजनाची नोंद नाही. व्हॅक्यूम पंप दहा मिनिटांच्या आत बंद केला. उघडलेल्या लाइनमधली हवा आणि ओलावा एवढ्यात निघत नाही. नव्या कॉम्प्रेसरचा अनुक्रमांकही जॉबशीटवर लिहिलेला नाही. त्यामुळे आपल्या नोंदीत आजही जुनाच कॉम्प्रेसर दिसत असेल, तेवढे दुरुस्त करून घ्यावे.

विजेचे किंवा जागेचे कारण पुढे येऊ नये म्हणून तेही नमूद करते. फ्रिज स्वतंत्र १५ अँपिअरच्या सॉकेटवर आहे, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. तंत्रज्ञाने स्वतः मोजलेला दाब २३१ व्होल्ट होता, अर्थिंग व्यवस्थित असल्याची नोंद जॉबशीटवर आहे. मागे १० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर मोकळी जागा आहे. फ्रिज बाहेरच्या कोणत्याही मेकॅनिकने उघडलेला नाही.

आता तिसरा कॉम्प्रेसर याच दूषित लाइनवर बसवला, तर तोही किती टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कंडेन्सरचा बराच भाग पत्र्याआड फोममध्ये गाडलेला असतो, कॅपिलरीचे भोक सुईएवढे असते. तिथली घाण पूर्ण निघाली हे घरी बसून तपासता येत नाही. शिवाय ९ मेनंतर बिघाड झाला तर वॉरंटी कार्डानुसार फक्त कॉम्प्रेसरचा भाग मोफत मिळेल. गॅस, ड्रायर, मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च माझ्यावर येईल. आपल्याच दुरुस्तीतल्या उणिवेची किंमत ग्राहकाने का मोजावी?

म्हणून माझी मागणी अशी: याच मॉडेलचा, नवा, कारखान्याच्या सीलबंद खोक्यातला फ्रिज हे पत्र मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत द्यावा. दुरुस्त केलेला किंवा शोरूममध्ये मांडलेला चालणार नाही. हे मॉडेल बंद झाले असल्यास तेवढ्याच क्षमतेचे वरचे मॉडेल जादा रक्कम न घेता द्यावे, नाहीतर २८,९९० रुपये परत करावेत. नव्या फ्रिजची वॉरंटी तो घरी पोचल्याच्या तारखेपासून सुरू व्हावी आणि ते लेखी मिळावे. तोपर्यंत पर्यायी फ्रिज लगेच द्यावा. माझ्या आईचे इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि सध्या ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये आहे. फ्रिज पोचवताना दोन माणसे पाठवावीत, घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अरुंद आहे. सोसायटीत सामान सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेतच आत सोडतात.

मागणी नाकारायची असल्यास कारणासह लेखी कळवावे. फोनवरचे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ नुसार सदोष वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश आयोग देऊ शकतो, आणि कलम ३४ नुसार मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तिथवर जायची वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोपर्यंत फ्रिज मी बंद करून, दार किंचित उघडे ठेवून जसाच्या तसा ठेवला आहे. आपल्या वरिष्ठ अभियंत्याने येऊन ड्रायर आणि सांधे स्वतः पाहावेत. मात्र माझ्या लेखी संमतीशिवाय लाइन उघडू नये.

आपली,
मनीषा दळवी
बी विंग, चौथा मजला, ९० फूट रस्ता,
मुलुंड पूर्व, मुंबई ४०० ०८१
(संपर्क: तक्रारीत नोंदवलेला मोबाइल क्रमांक)

सोबत: खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्डाची प्रत, २४ जानेवारी व ८ मार्चच्या जॉबशीटच्या प्रती, ड्रायर, सांधे, तेलाचा डाग, प्लेट आणि थर्मामीटर यांचे ५ फोटो, कॉम्प्रेसर सुरू होऊन थांबतानाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर.

प्रत: कंपनीचा ग्राहक तक्रार विभाग, ईमेलद्वारे, विक्रेता, मुलुंड.