पाण्याची गाडी

(एकांकिकेतील प्रवेश)

पात्रे:
गणपत: वय 64. रेल्वेच्या गँगमधून निवृत्त. बार्शी भागातला.
मेघा: वय 25. लातूरची. पंढरपुरात औषधाच्या दुकानात काम करते.

स्थळ: कुर्डुवाडी जंक्शनची प्रतीक्षालयाची खोली. लोखंडी बाकं, एक पंखा चालू, एक बंद. कोपऱ्यात नळ.
वेळ: जुलै महिना, रात्री साडेतीनच्या पुढे.

(मेघा बाकावर बॅगेला टेकून बसली आहे. पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन. गणपत पिशवीतून बाटली काढतो, उरलेलं पाणी नळाखाली ओतायला जातो.)

मेघा: काका, ओतू नका.

गणपत: (थांबून) आं?

मेघा: पाणी. ओतू नका.

गणपत: अगं, शिळं हाय. संध्याकाळी भरलेलं. ताजं भरून घेतो.

मेघा: शिळं कसलं, आठ-दहा तास तर झालेत. पिऊन टाका, नाहीतर त्याच्यावरच भरा.

(गणपत तिच्याकडे बघतो. बाटलीवरच नळ सोडतो, भरून येतो आणि समोरच्या बाकावर बसतो.)

गणपत: लातूरची का तू?

मेघा: कसं ओळखलं?

गणपत: दुसरं कोण असं बोलंल? आमच्याकडं बी दुष्काळ काय कमी न्हाई बघितला. पण नळाखाली उभ्या माणसाला हटकणारी लातूरचीच असणार.

(लाऊडस्पीकर: 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबईहून लातूरकडे जाणारी एक्सप्रेस निर्धारित वेळेपेक्षा दोन तास चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.')

मेघा: मघाशी दीड तास म्हणत होते.

गणपत: घाटात पाऊस धरलाय. खंडाळ्याला पाऊस लागला की समदं मागं मागं ढकलत येतं. तिथं रूळ पाण्याखाली, अन् हितं बघ. पेरून पंधरा दिवस झालं, ढग नुसता येतो अन् जातो.

मेघा: तुम्ही रेल्वेत होता का?

गणपत: गँगमन. आता ट्रॅकमन म्हणत्यात. बारकी गाडी होती तवापासनं. तू बघितली नसशील ती.

मेघा: आजी सांगायची. वारीला टपावर बसून जायचे म्हणे.

गणपत: टपावर, दारात, दोन डब्यांच्या मधे. बारशी लाइट. 1897 ला हितनं बार्शीपर्यंत सुरू केली साहेबानं. मग एकीकडं लातूर, दुसरीकडं पंढरपूर, अन् शेवटाला मिरज. अडीच फुटांचे रूळ. चढाला गाडी अशी दमायची की पोरं उतरून संगं चालायची. रुंदीकरण आलं तवा आम्ही म्हातारे रडलो, आपली गाडी गेली म्हणून. पण ते झालं म्हणून 2016 ला लातूरला पाण्याची गाडी जाऊ शकली. बारक्या रुळावर त्या टाक्या उभ्या तरी राहिल्या असत्या का?

(मेघा काही बोलत नाही. कॅनचं झाकण घट्ट करते.)

गणपत: पहिली गाडी गेली त्या रात्री मी लायनीवर होतो. एप्रिलची 11 तारीख. मिरजेला कृष्णेचं पाणी भरलेलं. टाक्या कोट्याहून धुऊन आणल्या होत्या. दहा टाक्या, एकेकीत 50 हजार लिटर. एवढं वजन, अन् दिवसभर रूळ तापलेला. तापला की रूळ सरकतो, वाकडा होतो. दोन दिवस आधीपासनं आम्ही चालत होतो, चाव्या ठोकत, सांधे बघत. मुकादम म्हणला, आज एक बी चावी ढिली सापडली तर मला तोंड दाखवू नका. गाडी गेली तवा हातातली बत्ती थरथरत होती माझ्या. तीस वर्षं नोकरी केली, पण मालगाडीला हात जोडलेला तेवढाच.

मेघा: आमच्याकडे हार घालायला आले होते लोक. फोटो काढायला.

गणपत: घालणारच की.

मेघा: काका, लातूर पावणेचार लाखांच्या वरचं गाव आहे. दहा टाक्या म्हणजे पाच लाख लिटर. माणशी सव्वा लिटर. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, मीच वहीवर हिशेब केला होता.

गणपत: नंतर पन्नास टाक्यांची केली की.

मेघा: केली. माणशी साडेसहा लिटर. तेही रोज नाही. शुद्ध करायचं, टँकरमध्ये भरायचं, मग वॉर्डात यायचं. आणि एप्रिलमध्ये आली हो गाडी. मांजरा धरण कोरडं पडत चाललंय हे अख्ख्या गावाला कधीपासून दिसत होतं. मार्चमध्ये गावातल्या टाक्यांजवळ 144 कलम लावलं, पाचच्या वर माणसं जमायची नाहीत. मी न् भाऊ रात्री दोन वाजता घागरी लावायला जायचो. घागरींवर खडूनं नंबर. घागर रांगेत, माणूस लांब.

गणपत: खरं हाय. उशीर झाला.

मेघा: बाबांची मेस होती. औसा रोडच्या मागच्या गल्लीत. साठ-सत्तर पोरं जेवायची, बारावीची, क्लासची. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून यायची. मेस म्हणजे नुसतं पाणी असतं काका. डाळ धुवा, तांदूळ धुवा, साठ ताटं घासा. बाबांनी आधी पत्रावळ्या आणल्या. मग भाजी एकच केली. मग टँकर विकत घ्यायला लागले, एका टँकरमध्ये महिन्याचा नफा जायचा. शेवटी हॉस्टेलवाल्यांनीच पोरांना सांगितलं, घरी जा. आठ दिवसांत गल्ली रिकामी. गाडी आली तेव्हा आमच्या मेसला कुलूप होतं.

(शांतता. पंख्याचा आवाज.)

गणपत: बाबा आता काय करत्यात?

मेघा: पुण्याला आहेत. एका हॉटेलात भटारी. तेव्हा म्हणाले होते, पाऊस पडला की येतो. पाऊस पडला त्या वर्षी, भरपूर पडला. पण तोवर उधारी झाली होती, भांडी विकली होती. म्हणून मला त्या गाडीचं कौतुक नाही वाटत. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या.

गणपत: राग न्हाई. (बाटली हातात फिरवत) पण तुला एक सांगतो. हे साहेबाला बी सांगितलं न्हाई कधी.

मेघा: काय?

गणपत: ती गाडी वाटंत ज्या गावांवरनं जायची, तिथं काय नद्या वाहत होत्या का? आमच्या गँगच्या खोलीवर पिण्याचं पाणी पाच किलोमीटरवरनं सायकलला कॅन बांधून आणायचो. बायामाणसं लायनीच्या कडंला उभी राहून ती गाडी बघायची. टाकीमागं टाकी, गच्च भरलेली, दारातनं जायची. हात लावायचा न्हाई. आम्हाला सांगितलेलं, कुणाला जवळ येऊ द्यायचं न्हाई.

मेघा: मग?

गणपत: पन्नास टाक्यांची सुरू झाल्यावरची गोष्ट. एका रात्री सिग्नल मिळाला न्हाई, गाडी उभी राहिली माळावर. मागच्या एका टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. लई न्हाई, थेंब थेंब, मधीच बारीक धार. मी बत्ती घेऊन कडंकडंनं चाललो होतो. बघतो तर एक बाई घागर घेऊन टाकीखाली बसलेली. दोन रुळांच्या मधे. गाडी हलली असती तर?

मेघा: तुम्ही हाकललं तिला?

गणपत: हाकलायला पाहिजे होतं. नियमानं बी, अन् तिच्या जिवासाठी बी. मी दहा पावलांवर थांबलो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बत्ती दुसरीकडं केली.

(मेघा पुढे सरकून बसते.)

गणपत: पाच मिन्टं तसाच उभा होतो, सिग्नलवर डोळा ठेवून. पिवळा पडला तसा ओरडलो, बाई, सर बाहेर! आली ती बाहेर, घागरीसकट.

मेघा: भरली का घागर?

गणपत: अर्धी.

मेघा: अर्धी म्हणजे सात-आठ लिटर.

गणपत: तुमच्या लातूरच्या हिश्श्यातलं गेलं.

मेघा: (लगेच) जाऊ दे. मी असते तर मीही बसले असते तिथं. (थांबून) आणि काका, तुमच्यावर नाही राग. रूळ नीट ठेवला तुम्ही. तो ठेवायलाच पाहिजे होता. ज्यांना दोन वर्षं आधी दिसत होतं आणि ज्यांनी तेव्हाही ऊसच लावू दिला, त्यांच्यावर आहे.

गणपत: ऊस तर आमच्याकडं बी हाय. माझ्या भावाचाच हाय दीड एकर.

मेघा: मग भावाला सांगा.

गणपत: ऐकतोय व्हय तो! म्हणतो, तुरीला भाव द्या, मी उद्या ऊस मोडतो. ह्याच्यावर मला उत्तर देता येत न्हाई.

मेघा: मलाही नाही येत.

(बाहेर एक मालगाडी न थांबता जाते. दोघं आवाज ओसरेपर्यंत गप्प. गणपत सवयीनं कान देऊन ऐकतो.)

गणपत: चाक सपाट झालंय एका डब्याचं. ठक ठक येतंय. (वळून) तू आता सुट्टीवर चाललीस?

मेघा: नोकरी सोडून चाललेय. आईनं न् मी मेस परत सुरू केलीय. म्हणजे जूनपासून आई एकटी करतेय, पंचवीस पोरं झालीत. एकटीला झेपेना.

गणपत: (सरळ बसत) पोरीबी जेवत्यात का?

मेघा: पोरीच जास्त. डबा पण देतो. का?

गणपत: नात हाय माझी, थोरल्याची. दहावीला चांगले मार्क पडले. तिला लातूरलाच शिकायचंय, डॉक्टरकीच्या क्लासला. तिच्या बापाला रजा मिळंना म्हणून मला पाठवलं, खोली बघून या, जेवणाचं बघून या. एक चिठ्ठी दिलीय, काय काय विचारायचं त्याची. (खिशातून घडी घातलेला कागद काढतो, चष्मा लावतो.) भाडं किती. डिपॉझिट किती. क्लासपासनं लांब किती. (थांबतो.)

मेघा: पुढं?

गणपत: पाणी हाय का.

मेघा: सगळे आईबाप तेच विचारतात आता. खरं सांगते. नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा. आमच्याकडे खाली हौद बांधलाय, वर दोन टाक्या. बोअर आहे, पण मार्चनंतर तिचा भरवसा नाही. मेसमध्ये ताट धुतलेलं पाणी झाडांना जातं आणि पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, पेला अर्धा भरून घ्या, लागलं तर परत घ्या. ज्यांना हे चालत नाही त्यांनी दुसरीकडे बघावं.

गणपत: अन् परत तसं साल आलं तर?

मेघा: तर तुम्हाला आधी फोन करीन. फेब्रुवारीतच. पोरीची परीक्षा बुडेपर्यंत थांबणार नाही.

(गणपत तिच्याकडे बघतो. कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला पेन शोधतो.)

गणपत: महिन्याला किती घेता?

मेघा: दोन वेळचं तीन हजार. रविवारी रात्री बंद.

गणपत: तीन लई झालं.

मेघा: आईला विचारून सांगते. डबा नको असेल, तिथं येऊन जेवणार असेल तर थोडं कमी करू.

गणपत: गावाकडनं ज्वारी आणून दिली तर?

मेघा: (हसून) तर आई माझंही ऐकणार नाही. द्या, मी लिहिते पत्ता.

(ती कागदावर लिहिते. लाऊडस्पीकर: 'मुंबईहून लातूरकडे जाणारी एक्सप्रेस थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येत आहे.')

गणपत: दोन तास चाळीस म्हणले अन् आली बी!

मेघा: तुमचा डबा कुठला?

गणपत: जनरल.

मेघा: इंजिनाजवळ असेल. माझा एस-4 आहे, मधे कुठेतरी. बॅग उचला काका, पुलावरून जायचंय.

गणपत: पुलाची काय गरज, तिकडनं लायनीवरनं दोन मिन्टांत...

मेघा: तुम्ही? रेल्वेचा माणूस? चला, पुलावरून.

(ती एका हातात कॅन, दुसऱ्या हातात त्याची पिशवी घेऊन निघते. गणपत कागदाची घडी शर्टाच्या आतल्या खिशात घालतो आणि मागोमाग जातो.)

गणपत: अगं, त्या टाक्या वर किती लिटरच्या हायत, ते न्हाई लिहिलंस!

मेघा: (बाहेरून) हजाराच्या दोन! चला लवकर!