एक एकर टोमॅटोला रोज किती पाणी?

मंडळी, ही पहिली स्लाइड नीट बघा, पुढचं सगळं हिच्यावर आहे.

ETc = ETo × Kc

ETc म्हणजे पिकाची रोजची पाण्याची गरज. ETo म्हणजे ऊन, वारा, हवेतला कोरडेपणा मिळून होणारी पाण्याची ओढ. Kc पिकाचा गुणांक. टोमॅटो भर फळात असताना तो साधारण 1.15 धरतात, रोपं लहान असताना बराच कमी. सिन्नरकडे एखाद्या दिवशी ETo 5 मिलिमीटर धरला, तर पिकाची गरज 5.75 मिलिमीटर. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर. म्हणजे रोज 23,000 लिटर!

आता दुसरी स्लाइड. हे मुळांपर्यंत पोचायला विहिरीतून किती उपसायचं? ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर साडेपंचवीस हजार, तुषारची 75 धरली तर जवळपास 31,000, पाटपाण्याची 60 धरली तर 38,000 लिटर. मार्चमध्ये विहीर तळाला गेली की हा फरक पोटात गोळा आणतो.

टोमॅटोला तुषार मी सांगणार नाही. पानं ओली राहतात, करपा वाढतो. कांद्याला मात्र चालतो, वारा पडलेला असताना लावा.

ठिबकला खर्च आहे, फिल्टर धुवावा लागतो, नळ्यांत क्षार साचतात. तरीही टोमॅटोला ठिबकच. फक्त रोज वाफसा हाताने बघा: मुळाजवळची माती मुठीत दाबली आणि पाणी निथळलं, तर त्या दिवशी मोटर बंद.