आईची औषधं, सोमवार 10 नोव्हेंबरपासून

वहिनी, दादा, आज रविवारी रात्रीच्या गोळ्या दिल्यावर सगळ्या स्ट्रिप मोजून हे लिहितेय, म्हणजे खालचे आकडे उद्या सकाळच्या आधीचे आहेत. मेसेज पिन करून ठेवा आणि दादा तू एक प्रिंट काढून फ्रीजवर लाव, कारण आईला मोबाईलवर दाखवलेलं काही पटत नाही.

सकाळी 6, उपाशीपोटी
थायरॉईडची 50 एमसीजी, 1 गोळी साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर पाऊण तासाने, आई "घोटभरच" म्हणेल, तरी नाही. बाटलीत 38 उरल्यात, 17 डिसेंबरपर्यंत पुरतील, 12 डिसेंबरला नवीन बाटली आणा. बाटली ओट्याजवळच्या कपाटात नको, तिथे वाफ लागते.

सकाळी साडेसात, नाश्त्याच्या अर्धा तास आधी
पॅन्टोप्रॅझॉल 40, 1 गोळी. 11 उरल्यात आणि 20 नोव्हेंबरला संपतील. ही नवीन आणायची नाही, डॉक्टरांनी तेवढ्यापुरतीच दिलीय. मेडिकलवाला आपणहून पुढची स्ट्रिप देईल, घेऊ नका.

सकाळी 8, नाश्ता
ग्लिमेपिराइड 1 एमजी, 1 गोळी, नाश्त्याचं ताट समोर आल्यावरच. एक स्ट्रिप पूर्ण 10 ची आणि एकीत 7, म्हणजे 17, 26 नोव्हेंबरपर्यंत.
नाश्ता झाल्यावर मेटफॉर्मिन 500 एसआर 1 आणि टेल्मिसार्टन 40 ची 1. मेटफॉर्मिनची एक 15 ची पूर्ण आणि एकीत 9, एकूण 24, पण दिवसाला दोन लागतात म्हणून 12 दिवसच, 21 नोव्हेंबरला संपतात, नवीन आणायच्या गोळ्यांत सगळ्यात आधी हीच संपेल. टेल्मिसार्टन एक 15 ची पूर्ण आणि एकीत 4, म्हणजे 19, 28 नोव्हेंबरपर्यंत.
मेटफॉर्मिन मोठी आहे म्हणून आई ती मोडून किंवा कुटून मागते. एसआर गोळी मोडायची नाही, हळूहळू विरघळावी म्हणून ती तशी बनवलेली असते, मोडली की सगळं औषध एकदम पोटात जातं. भरपूर पाणी द्या, जाते.

दुपारी जेवणानंतर
कॅल्शियम 500, 1 गोळी. दोन स्ट्रिप 15 च्या पूर्ण आणि एकीत 3, म्हणजे 33, 12 डिसेंबरपर्यंत. ही सकाळी उरकून टाकू नका, थायरॉईडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर लागतं नाहीतर थायरॉईडची नीट लागू पडत नाही.
दर रविवारी दुपारी डी-थ्री 60 हजारची 1 कॅप्सूल, आठवड्यातून एकदाच!! आठ आठवड्यांचा कोर्स आहे, आजची पाचवी झाली, 3 उरल्यात: 16, 23 आणि 30 नोव्हेंबर. मग बंद.

रात्री जेवणानंतर, साधारण साडेआठ
मेटफॉर्मिन 500 एसआर 1, अॅम्लोडिपिन 5 ची 1, आणि अॅटोरव्हास्टॅटिन 10 प्लस अॅस्पिरिन 75 ची एकत्र कॅप्सूल 1. अॅम्लोडिपिन एक 10 ची पूर्ण आणि एकीत 6, म्हणजे 16, 25 नोव्हेंबरपर्यंत. कॅप्सूलच्या एकाच स्ट्रिपमध्ये 13 आहेत, 22 नोव्हेंबरपर्यंत.
झोपताना काचबिंदूचे लॅटानोप्रोस्ट ड्रॉप, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. बाटली 25 ऑक्टोबरला फोडलीय, झाकणावर पेनाने लिहिलंय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चार आठवडेच वापरायला सांगितलीय म्हणून 22 नोव्हेंबरला आत औषध उरलं असलं तरी फेकायची. नवीन सीलबंद बाटली फ्रीजच्या दारात ठेवलीय.

आणायचं काय
मंगळवार 18 नोव्हेंबरला एकदाच जाऊन: मेटफॉर्मिन 2 स्ट्रिप, ग्लिमेपिराइड 1, टेल्मिसार्टन 1, अॅम्लोडिपिन 2, कॅप्सूलची 1. दादा, तू तीन महिन्यांचं एकदम भरून टाकशील, माहितीय मला, पण नको, 6 डिसेंबरला डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे आणि शुगरचा रिपोर्ट बघून डोस बदलायची शक्यता आहे, मग त्या गोळ्या पडून राहतील. एवढ्यात 6 डिसेंबरचा दिवस निघतो. अपॉइंटमेंटच्या चार दिवस आधी एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन करून घ्या. ब्रँड बदलून दिला तर स्ट्रिपचा फोटो आधी मला टाका, आणि स्ट्रिप कापून दिली तर एक्सपायरी छापलेला तुकडा आपल्याकडे राहील असं बघा.

उपवास
हा खरा घोळाचा भाग आहे. 15 नोव्हेंबरला एकादशी, 1 डिसेंबरला पुन्हा, शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार, 27 नोव्हेंबर आणि 4 डिसेंबर हे अपॉइंटमेंटच्या आधी येतात. आई ऐकणार नाही, वाद घालण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की भगर, राजगिऱ्याची भाकरी असं पोटभर आणि वेळेवर खाणार असेल तर गोळ्या नेहमीसारख्या, पण नुसतं चहा-केळ्यावर राहणार असेल तर त्या दिवशी ग्लिमेपिराइड द्यायची नाही आणि दुपारी एकदा मशीनवर शुगर बघायची. बीपीची आणि थायरॉईडची कुठल्याच उपवासाला बंद नाही. "औषधाने उपास मोडतो" असं शेजारच्या काकूंनी तिच्या डोक्यात भरवलंय, ते तुम्ही सांगून बघा वहिनी, तुमचं ती माझ्यापेक्षा जास्त ऐकते.
घाम सुटला, हात थरथरले, भलतंच बोलायला लागली तर आधी शुगर बघा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासा. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, साखर आधी. नीट गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. गुडघे दुखले की पॅरासिटामॉल 500, खाऊन 1, दिवसात जास्तीत जास्त 3, दहाची पूर्ण स्ट्रिप आहे. दादाच्या कंबरेची ती लाल गोळी आईला अजिबात नको, बीपीच्या गोळीसोबत किडनीला त्रास होतो, आणि ती मागते हं.

आई "घेतली" म्हणते आणि गोळी पदराच्या गाठीत सापडते, म्हणून पुढच्या रविवारी, 16 तारखेला रात्री ओमला मोजायला सांगा. हे आकडे यायला हवेत: थायरॉईड 31, पॅन्टोप्रॅझॉल 4, ग्लिमेपिराइड 10, मेटफॉर्मिन 10, टेल्मिसार्टन 12, कॅल्शियम 26, अॅम्लोडिपिन 9, कॅप्सूल 6, डी-थ्री 2. एकादशीला ग्लिमेपिराइड दिली नसेल तर तिची 11 येईल, ते बरोबर. जास्त उरल्या तर आईवर ओरडू नका, कुठली किती जास्त आहे तेवढं मला कळवा, मी डॉक्टरांना फोन करते. कमी निघाल्या तर त्याच रात्री फोन करा.

जुनी प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट हिरव्या फाईलमध्ये, देवघराच्या खालच्या खणात. सप्टेंबरच्या कागदावर मेटफॉर्मिन 1000 लिहिलंय, तो डोस बदललाय, मी त्यावर फुली मारलीय, मेडिकलमध्ये 28 ऑक्टोबरचाच कागद न्या.